दुकान कायमचं बंद होताना पाटीवर काय लिहावं

दुकान कायमचं बंद करणारा माणूस गिऱ्हाइकांसाठी शेवटची पाटी लिहितो, तेव्हा ती बहुतेक वेळा आभारांतच संपते. गेली अमुक वर्षे आपण दिलेल्या उदंड प्रतिसादाबद्दल आम्ही ऋणी आहोत, लोभ असावा, कळावे. यातला शब्दन् शब्द मनापासून लिहिलेला असतो. पण पाटीसमोर उभ्या राहिलेल्या जुन्या गिऱ्हाइकाला त्या वेळी वेगळेच प्रश्न पडलेले असतात. माझं कापड आत पडलंय, ते कधी मिळेल? ॲडव्हान्स दिलाय, त्याचं काय? शटरला कुलूप लागल्यावर विचारायचं कुणाला?

नव्या गिऱ्हाइकाचं दुकानात काही अडकलेलं नसतं. तो पैसे देतो, वस्तू घेतो आणि जातो. वर्षानुवर्षं येणारा मात्र पावती न घेता कापड टाकून जातो, 'घाई नाही, सवडीने करा' असं सांगतो, कधी पैसे आगाऊ देऊन ठेवतो. ज्याचा विश्वास जास्त, त्याचंच दुकानात जास्त अडकलेलं असतं. म्हणून निरोपाची पाटी आधी त्याच्यासाठी लिहायची असते आणि तिच्यात आभारांच्या आधी हिशेब यायला हवा.

मुंबईतली दोन नावाजलेली दुकानं गेल्या दशकात अशीच बंद झाली. काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस आणि फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल. दोन्ही १९४८ साली सुरू झालेली. ऱ्हिदम हाऊसने फेब्रुवारी २०१६च्या शेवटी शटर ओढलं, स्ट्रँडने फेब्रुवारी २०१८मध्ये. बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि लोक शेवटची खरेदी करायला लोटले. पण पुस्तकं आणि गाणी विकणाऱ्या दुकानात गिऱ्हाइकाचं स्वतःचं असं फारसं काही पडून नसतं, त्यामुळे बातमी पोचली की निम्मं काम होतं. शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा, रंगारी, भांड्यांना कल्हई करणारा यांचं तसं नाही. यांच्या फळीवर दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तू असतात आणि यांची बातमी कुठल्याही पेपरात येत नाही. पाटी हीच काय ती बातमी.

अशी एक पाटी लिहिताना मी सोबत होतो. दुकान सांगलीतलं, शर्ट-पँटचं आणि सफारीचं. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणेन. एक्केचाळीस वर्षं त्यांनी कटिंग स्वतः केलं. शिलाईला दोन कारागीर आणि काज-बटणाचं काम बाहेर. डोळ्यांना बारीक काम सोसेना, गडद कापडावर खडूची रेघ दिसेना, तेव्हा त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. पहिला मसुदा त्यांनीच पावती पुस्तकाच्या मागच्या बाजूला लिहिला होता. कळविण्यास अत्यंत दुःख होते, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत, आणि शेवटी 'लवकरच दुकान बंद होत आहे'.

त्यातला 'लवकरच' आम्ही सगळ्यात आधी काढला. 'लवकरच' वाचून कुणी आज येत नाही. शिवाय बाजारात 'दुकान बंद करणे आहे, भव्य सेल' असे फलक वर्षानुवर्षं लटकत असतात. लोकांना ते पाठ झालेत. अशा फलकाशेजारी खरोखर बंद होणाऱ्या दुकानाची पाटी लागली तरी लोकांना तो सेलच वाटतो. पाटी खरी वाटते ती तारखेमुळे, आणि तारखेसमोर वर्ष असेल तर अधिकच.

मग प्रश्न आला, किती दिवस आधी सांगायचं? दुकानदार सहसा एक महिना धरतात, कारण भाड्याचा, दुधाचा, पेपरचा हिशेब महिन्याचा असतो. किराणा दुकानाला महिना पुरतो. महिन्याची यादी घेऊन येणारं घर तेवढ्यात एकदा तरी दुकानाची पायरी चढतंच. शिंप्याकडे मात्र नेहमीचं गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येतं, दसरा-दिवाळीच्या आधी आणि घरात लग्न असेल तेव्हा. त्याला महिनाभराची पाटी दिसणारच नाही. तो थेट पुढच्या दिवाळीत कापडाची पिशवी घेऊन येईल आणि बंद शटरसमोर उभा राहील. म्हणून मुदत दुकानाच्या सोयीने धरून चालत नाही. गिऱ्हाईक किती दिवसांनी येतं ते पाहावं लागतं आणि त्याची निदान एक फेरी त्या मुदतीत यावी लागते. शाळेच्या वह्या-पुस्तकांचं दुकान असेल तर जूनची गर्दी सुरू होण्याआधी पाटी लागायला हवी, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची पाटी पावसाळ्यात दिसायला हवी.

मास्तरांची पाटी २०२४च्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला लागली. दिवाळीचे कपडे न्यायला आलेल्या प्रत्येकाने ती वाचली. दुकान बंद व्हायचं होतं ३१ मे २०२५ला, म्हणजे मधे दिवाळी आली आणि लग्नसराईही.

बाकीच्या तारखा आम्ही शेवटाकडून मागे मोजत काढल्या आणि हाच भाग बहुतेकांकडून राहून जातो. दुकान ३१ मेला बंद होणार म्हणून ३० मेपर्यंत काम घेता येत नाही. शिवलेला कपडा गिऱ्हाईक घरी नेतं, घालून बघतं, एकदा धुतं आणि मग अल्टरला आणतं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, बाही अर्धा इंच वर जाते. त्यासाठी शेवटचे दहा-अकरा दिवस मोकळे ठेवले, म्हणून तयार कपडे न्यायची शेवटची तारीख २० मे. सराईत दोन कारागिरांच्या हातून शर्ट-पँट बाहेर पडायला पंधरा-वीस दिवस सहज जातात, म्हणून नवं काम घ्यायची शेवटची तारीख ३० एप्रिल. त्या वर्षी अक्षय्य तृतीया त्याच दिवशी होती, लोकांच्या लक्षात राहायला ते बरंच झालं. लग्नाच्या सफारीला मधे एक ट्रायल लागते, म्हणून ती मार्चअखेरपर्यंत. आणि शाळेचे गणवेश यंदा घेणारच नाही, हेही स्पष्ट लिहिलं. गणवेशाचं काम मे-जूनमध्ये येतं आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. ते काम घेतलं असतं तर शेवटच्या आठवड्यात पोरांचे कपडे अर्धवट राहिले असते.

शेवटी पाटी अशी झाली:

"आमचे दुकान ३१ मे २०२५ रोजी कायमचे बंद होत आहे. नवीन कपडे शिवायला ३० एप्रिलपर्यंत घेऊ. लग्नाची सफारी मार्चअखेर द्यावी. शाळेचे गणवेश यंदा घेणार नाही. तयार कपडे २० मेपर्यंत न्यावेत. आम्ही शिवलेल्या कपड्यांचे अल्टर ३१ मेपर्यंत मजुरी न घेता करून देऊ. पावती हरवली असली तरी या. न शिवलेले पीस आणि दिलेला ॲडव्हान्स परत मिळेल. आपले माप वहीतून उतरवून देऊ. डोळ्यांना काम सोसत नाही म्हणून दुकान बंद करत आहे. नावाने दुसरीकडे दुकान काढलेले नाही. ३१ मेनंतर राहिलेले कपडे शेजारच्या किराणा दुकानात मिळतील. एक्केचाळीस वर्षे तुम्ही आमच्या हातचे कपडे घातलेत, आम्ही तुमचे आभारी आहोत."

खाली मोबाइल नंबर. आभार एकाच वाक्यात आले, पण त्या वाक्यात दुकान कसलं आहे ते दिसतं. 'आपल्या उदंड प्रतिसादाबद्दल' हे शब्द मिठाईच्या दुकानावरही चालतील आणि टायरच्याही.

कारणाचं वाक्य लिहायला मास्तर तयार नव्हते. आपलं दुखणं चारचौघांत कशाला सांगायचं, असं त्यांना वाटत होतं. मी आग्रह धरला. पाटीवर कारण नसलं की गाव ते स्वतः बनवतं. कर्ज झालं असेल, भावाभावांत भांडण असेल, बिल्डरला जागा दिली असेल. यातलं कर्जाचं कारण कानावर गेलं की ज्यांचा ॲडव्हान्स आहे ते घाबरून धावत येतात आणि ज्यांनी मजुरी द्यायची आहे ते सावकाश होतात. एका ओळीचं खरं कारण हे दोन्ही थांबवतं. आजाराचा तपशील द्यायची गरज नाही, खर्च परवडेना झाला असेल तर 'परवडत नाही' एवढंही पुरतं. 'नावाने दुसरीकडे दुकान काढलेले नाही' ही ओळ कारागिरांच्या सांगण्यावरून आली. जुन्या दुकानाचं नाव लावून भलताच कुणी बसतो आणि गिऱ्हाईक तेच मास्तर समजून कापड देतं, असं त्यांनी दुसऱ्या दुकानांच्या बाबतीत पाहिलं होतं.

आता पाटी सगळ्यांपर्यंत पोचवायची कशी? मास्तरांच्या भाच्याने पावती पुस्तकांतले नंबर मोबाइलमध्ये घातले आणि व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी करून पाटीचा फोटो पाठवला. एका यादीत २५६ नंबर बसतात, म्हणून दोन याद्या केल्या. दोन दिवसांनी पाहिलं तर निम्म्याहून जास्त लोकांपर्यंत निरोप गेलेलाच नव्हता. ब्रॉडकास्टचा निरोप फक्त त्यांनाच मिळतो ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवून ठेवलाय. दुकानदाराकडे गिऱ्हाइकाचा नंबर असतो, गिऱ्हाइकाकडे दुकानदाराचा असेलच असं नाही. शिंप्याला कोण फोन करतं? येता-जाता डोकावतात. निरोप गेला की नाही हे कळायची सोपी खूण अशी की निरोपावर बोट दाबून ठेवून माहिती उघडायची, तिथे कुणाला पोचला त्यांची नावं दिसतात. जी दिसत नाहीत त्यांना एकेक करून वेगळा निरोप पाठवायचा. त्या उरलेल्यांत काही लँडलाइन नंबर निघाले आणि तीच मंडळी सगळ्यांत जुनी होती. त्यांना मास्तरांनी फोनच केले. एका फोनवर सूनबाईंनी सांगितलं, "बाबा गेले हो मास्तर, दोन वर्षं झाली." त्यांचा एक राखाडी पँटपीस फळीवर होता.

फळीवरच्या या कपड्यांविषयी जरा सविस्तर सांगायला हवं. कुठल्याही जुन्या शिंप्याच्या दुकानात मागच्या फळीवर न नेलेले कपडे आणि न शिवलेले पीस असतात. शिवून तयार आहेत पण कुणी आलं नाही, असे काही. कापड दिलं आणि मग बदली झाली, लग्न मोडलं, माणूस गेला, असे काही. मास्तरांनी दुपारच्या निवांत वेळात एकेक गाठोडं सोडून यादी केली. पावती पुस्तकाच्या स्थळप्रतीवर ते प्रत्येक कापडाचा बोटाएवढा तुकडा कातरून पिन मारून ठेवत. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा खालच्या खणातली पावती पुस्तकं भिजली. शाई फिसकटली, नावं गेली, नंबर गेले. पण तुकडा तसाच राहिला. वरच्या फळीवरचं कापड खाली आणून त्या तुकड्याशी लावून पाहिलं की कुठली पावती कुठल्या पिसाची ते कळत होतं. मग नावाची उरलेली दोन अक्षरं आणि मास्तरांची आठवण यांवरून माणूस सापडायचा. काही सापडलेच नाहीत.

'तीस दिवसांत कपडे न नेल्यास आम्ही जबाबदार नाही' ही ओळ बहुतेक पावत्यांच्या तळाशी छापलेली असते. दुकान बंद करणाऱ्याला ती मोठा आधार वाटते. पण त्या ओळीने कापड शिंप्याचं होत नाही. शिवायला दिलेल्या कापडाची मालकी गिऱ्हाइकाचीच राहते, शिंप्याकडे असतो तो फक्त ताबा. १८७२च्या भारतीय करार कायद्यात याला निक्षेप म्हणतात. ताब्यात घेतलेल्या वस्तूची, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची, असं त्यातलं कलम १५१ सांगतं. कलम १७० प्रमाणे मजुरी मिळेपर्यंत शिवलेला कपडा अडवून ठेवायचा हक्क शिंप्याला आहे. पण तो अडवून ठेवण्याचा हक्क आहे, विकण्याचा नाही. तेव्हा 'अमुक तारखेनंतर कपडे विकून टाकले जातील' किंवा 'दान केले जातील' असं पाटीवर लिहून हात झटकता येत नाहीत.

मग करायचं काय? मला तरी एकच सरळ मार्ग दिसतो आणि मास्तरांनी तोच धरला. यादी करायची, मिळेल त्याला स्वतः कळवायचं, शेवटच्या तारखेनंतर वस्तू कुठे मिळेल ते पाटीवर छापायचं आणि तिथे काही महिने ती सांभाळायची व्यवस्था करायची. शेजारच्या किराणा दुकानदाराने माळ्यावर एका ट्रंकेची जागा दिली. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या आणि वर यादीची प्रत. एक प्रत मास्तरांकडे. कपडा नेणाऱ्याने नावापुढे सही करायची. एवढं केलेलं असलं की पुढे कुणी भांडायला आलंच तर दाखवायला कागद असतो, आणि न सापडलेल्या माणसाचं कापड विकून खाल्लं असं कुणाला म्हणता येत नाही.

पैशांचं दुहेरी असतं, द्यायचे आणि यायचे. द्यायचे पाटीवर लिहावेत, यायचे लिहू नयेत. ॲडव्हान्स परत मिळेल ही ओळ सगळ्यांना दिसली पाहिजे. लोकांचा भरवसा तिच्यावरच ठरतो. पण 'ज्यांच्याकडे बाकी आहे त्यांनी त्वरित भरावी' असं लिहिलं की ज्याच्याकडे एक रुपया बाकी नाही त्या जुन्या माणसालाही ते आपल्याला लागलं असं वाटतं. बाकी वसूल करायची ती समोरासमोर किंवा फोनवर. केलेल्या कामाच्या मजुरीसाठी दावा लावायची मुदत काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं असते. मधे गिऱ्हाइकाने बाकी असल्याचं सही करून लिहून दिलं असेल तर तिथून नवी मुदत धरली जाते. शिंप्याच्या चारशे-पाचशेच्या बाकीसाठी कोर्टात कुणी जात नाही, पण तीन वर्षांच्या आतली बाकी मागायला संकोच नको आणि त्याआधीची सोडून द्यायला मन मोठं करावं, एवढी ओळ आखायला हा आकडा उपयोगी पडला. मास्तरांनी फोन केल्यावर बहुतेकांनी पैसे आणून दिले. एका शिक्षकांनी तर 'तुम्हीच कधी मागितले नाहीत' म्हणत वर रागच धरला.

सगळ्यांत जास्त लोक आले ते मापासाठी. मला वाटलं होतं हा पाटीवरचा किरकोळ मुद्दा आहे, पण मास्तर म्हणाले, "साहेब, माणूस माझ्याकडे परत परत येतो तो मापासाठी. दर वेळी टेप लावायला लागत नाही. तेवढं त्याला देऊन टाकायला पाहिजे." मापवहीत एका गिऱ्हाइकाला अर्धं पान. शर्टाची लांबी, शोल्डर, छाती, कंबर, सीट, बाही, कॉलर. पँटची लांबी, कंबर, सीट, मांडी, गुडघा, बॉटम. शेजारी बारीक अक्षरात खुणा.

माझं शर्टाचं माप त्यांनी उतरवून दिलं ते असं. लांबी २९, शोल्डर १८, छाती ४०, कंबर ३८, सीट ४१, बाही २४॥, कॉलर १५॥. आकड्यांच्या खाली त्यांनी 'अंगाचं माप' असं लिहून अधोरेखा ओढली. मी विचारलं, हे कशाला? तर काही शिंपी वहीत टेप अंगाला लावून आलेलं माप लिहितात, काही तयार कपड्याचं माप लिहितात. सैलपणासाठी छातीला साधारण चार इंच वाढवतात, म्हणजे माझ्या तयार शर्टाची छाती ४४ भरते. आता नव्या शिंप्याने ४० हे तयार कपड्याचं माप धरलं तर शर्ट अंगाला चिकटेल, बटणं ताणतील. उलट वहीत ४४ लिहिलेलं असतं आणि नव्याने ते अंगाचं समजून त्यात आणखी चार घातले असते, तर शर्ट ४८चा, पिशवीसारखा झाला असता. चुकीचा शर्ट अंगात घातल्याशिवाय हे कळत नाही आणि तोवर कापड कापून झालेलं असतं. म्हणून शिंप्याने माप देताना ते कसलं आहे आणि कधी घेतलं आहे, हे दोन्ही लिहून द्यावं. पाच वर्षांपूर्वीची कंबर आजची नसते.

आकड्यांशेजारच्या खुणा आकड्यांपेक्षा मोलाच्या निघाल्या. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'उजवा खांदा पाव इंच खाली.' मला हे आयुष्यात कधी कळलं नव्हतं. मास्तर दर वेळी त्या बाजूला कटिंगमध्ये तेवढं उतरवून घेत आणि शर्ट सरळ बसे. कुणापुढे 'पोक', कुणापुढे 'पोट पुढे, पुढची लांबी अर्धा जास्त', एका वयस्कर गिऱ्हाइकापुढे 'डावा हात वर जात नाही, मुंडा मोठा'. मास्तरांनी अशी प्रत्येक खूण त्या माणसाला नीट समजावून सांगितली, न लाजता आणि न लाजवता. तरीही माप हे काही कटिंग नव्हे. त्याच आकड्यांवरून दुसऱ्याचा शर्ट थोडा वेगळा बसणारच. म्हणून त्यांचा सल्ला असा की चिठ्ठीबरोबर नीट बसणारा एक जुना शर्ट नव्या शिंप्याकडे न्यावा आणि पहिल्यांदा एकच शर्ट टाकावा, दिवाळीचे चार नव्हे. कुणाकडे जावं असं विचारलं की ते दोन-तीन दुकानं सांगत, एकच नाव सांगत नसत. एकाचं नाव घेतलं आणि शिवण बिघडली तर दोष आपल्याकडे येतो, हे एक, आणि त्या बाकीच्या दुकानदारांशीही एक्केचाळीस वर्षांचा घरोबा, हे दुसरं.

आणखी एक गोष्ट मास्तरांच्या ध्यानात होती, माझ्या नव्हती. मापवही रद्दीत घालायची नाही. तिच्यात लोकांची नावं, फोन नंबर आणि अंगाची मापं आहेत. ब्लाउज शिवणाऱ्या दुकानात तर याची काळजी दुप्पट घ्यायला हवी. रद्दीच्या दुकानातून ती पानं पुड्या बांधायला जातात. ज्याचं त्याला माप उतरवून दिल्यावर उरलेल्या वह्या त्यांनी घरी नेल्या आणि पाणी तापवायच्या बंबात घातल्या.

पाटीचं बाहेरचं आयुष्य दुकानापेक्षा लांब असतं, हेही लक्षात ठेवावं लागतं. ३१ मेनंतर सांगलीत पाऊस कधीही येतो. कागदावर मार्करने लिहिलेली पाटी पहिल्या सरीत वाहून जाते आणि ज्याच्यासाठी ती सगळ्यांत जास्त हवी असते तो उशिरा येणारा माणूस त्यानंतरच येतो. म्हणून दुकान चालू असताना काउंटरवर कागदाची पाटी चालली, पण शटरवर लावायची वेगळी केली. दोन फूट बाय तीन फुटांचा फ्लेक्स, पांढऱ्यावर काळी अक्षरं, तारांनी शटरच्या कड्यांना बांधलेला. त्यावर मजकूरही बदलला. ३० एप्रिल, २० मे या तारखांना आता अर्थ उरला नव्हता. राहिल्या चारच गोष्टी: दुकान ३१ मे २०२५ला कायमचं बंद झालं, कपडे शेजारी किराणा दुकानात आहेत, दिवाळीपर्यंत मिळतील, आणि नंबर. क्यूआर कोडचं स्टिकर काउंटरवरून खरवडून काढलं, नाहीतर चुकून पैसे येत राहतात आणि ते परत करायला माणूस शोधत बसावं लागतं.

तो मोबाइल नंबर मास्तरांनी चालू ठेवला आहे. दुकानाचा नंबर लगेच बंद केला तर पाटीवरची शेवटची ओळच खोटी पडते. काही महिन्यांनी तो नंबर कंपनी दुसऱ्या कुणाला देते आणि मग कुठल्यातरी अनोळखी माणसाला पँटची चौकशी करणारे फोन जायला लागतात. २०२५च्या दिवाळीआधी ट्रंकेतले बरेचसे कपडे गेले. राखाडी पँटपीस त्या सूनबाई स्वतः येऊन घेऊन गेल्या आणि यादीत सासऱ्यांच्या नावापुढे त्यांनी सही केली. जे सापडलेच नाहीत त्यांचे सात-आठ नग राहिले. मास्तरांनी ते घरी आणले, गोळ्या बदलल्या आणि यादीवर नवा पत्ता घालून तिची प्रत परत किराणा दुकानात ठेवली.